सैतानाच्या हातातला त्रिशूळ

(भुसावळला तरुण खेळाडूंसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आधी कबुली देतो. जर्सी छापायचा माझा धंदा. आठ-नऊ वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका संघाने मँचेस्टर युनायटेडच्याच शर्टाचा हट्ट धरला. मी नेटवरून क्लबचं चिन्ह उतरवलं आणि पंधरा शर्ट छापून दिले. दुसऱ्याचं चिन्ह असं लावलं तर ट्रेड मार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते, हे एका वकील मित्राने नंतर सांगितलं. तेव्हा मी इथे साव म्हणून उभा नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, एवढंच.

मागच्या महिन्यात भाच्याने हातगाडीवरून साडेचारशेला ही लाल जर्सी आणली. म्हणाला, "मामा, प्लेअर व्हर्जन शे, ओरिजनल!" त्या 'प्लेअर व्हर्जन'मध्येच सगळी मेख आहे.

मोठ्या कंपन्या एकाच शर्टाचे दोन प्रकार विकतात. एक खेळाडू मैदानात घालतात तसा आणि दुसरा चाहत्यांसाठीचा, त्याला रेप्लिका म्हणतात. म्हणजे रेप्लिका हा शब्द नकलीचा नाही, तोही अस्सलच. आदिदासच्या शर्टात ढोबळ फरक असा: खेळाडूच्या शर्टावर क्लबचं चिन्ह उष्णतेने चिकटवलेलं, हलकं आणि मऊ असतं; चाहत्यांच्या शर्टावर ते शिवलेलं किंवा भरतकामाचं असतं. नकली शर्ट करणाऱ्याला हे दोन्ही ठाऊक असतं, पण तो दोघांची खिचडी करतो. भाच्याच्या शर्टावर आत खेळाडूंच्या कापडाचं नाव छापलंय आणि छातीवर भरतकामाचं चिन्ह आहे. एकाच अंगावर दोन शर्ट! वर्षागणिक आणि कंपनीगणिक तपशील बदलतात, म्हणून त्या हंगामाच्या शर्टाचा कंपनीच्या संकेतस्थळावरचा फोटो शेजारी ठेवूनच ताडून बघा.

आता चिन्ह जवळून बघा. युनायटेडच्या चिन्हात त्रिशूळ घेतलेला लाल सैतान आहे, वर जहाज आहे आणि बारीक अक्षरं आहेत. भरतकामाचा धागा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर त्याने काढायला गेलं की मधली जागा बुजते. इथे 'ए' अक्षराचं पोट भरून गेलंय आणि सैतानाच्या हातात त्रिशूळ नाही, लाटणं आहे. दोन अक्षरांमध्ये धागा तसाच लोंबतोय, कारण तो कापायला मजूर लावावा लागतो. शर्ट उलटा केला तर भरतकामामागे आधाराला लावलेला कागद अर्धवट फाडलेला, अंगाला टोचणारा.

शिवणीचं थोडक्यात सांगतो. बगलेजवळ दोन्ही हातांनी ताणा. इथे टाके विरळ आहेत, ओढलं की फट उघडते आणि आतून पांढरं दिसतं. कापड तर मी ओळखलंच, आमच्या जर्सीच्या धंद्यातलं रोजचं डॉट निट. मात्र आतून पांढरं दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका. छापील नक्षीच्या अस्सल शर्टातही तसं असू शकतं.

माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आतल्या छोट्या लेबलवरचा कोड. तो नेटवर टाकला की तोच शर्ट, तोच रंग यायला हवा. भाच्याचा टाकला तर हाफ चड्डी आली. फक्त, हुशार नकलीवाला खरा कोडही छापतो. म्हणजे कोड चुकला तर शर्ट नकली. कोड जुळला तर चिन्हाकडे परत या.

किमतीवर फार विसंबू नका. २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट संघाची चाहत्यांसाठीची अधिकृत जर्सी ९९९ रुपयांना निघाली होती. उलट 'थायलंड क्वालिटी' म्हणून नकलीच माल त्याहून महाग विकतात. पण परदेशी क्लबची चालू हंगामाची जर्सी साडेचारशेला मिळत नाही, एवढं पक्कं.

मग क्लबचं काय जातं? भाचा काही हजार रुपयांची जर्सी घेणार नव्हताच, त्यामुळे प्रत्येक नकली शर्ट म्हणजे एक गेलेली विक्री, हे मला पटत नाही. युनायटेडला आदिदासने २०१५ पासून दहा वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा करार दिला आणि २०२३ मध्ये तो २०३५ पर्यंत वाढवला. ती मोठी रक्कम आधीच ठरलेली असते. फटका बसतो तो पुढच्या कराराला, कारण तिथे विकलेले शर्ट मोजले जातात.

खरा मार लहान क्लबला. त्याला कुणी हमी देत नाही. समजा त्याने स्वतःच्या पैशाने पाचशे शर्ट शिवून घेतले, आणि फाटकाबाहेर तेच चिन्ह दोनशेला मिळायला लागलं. मग आतले दोनशे-तीनशे शर्ट खोक्यातच राहतात. पुढच्या हंगामात चिन्ह किंवा प्रायोजक बदलला की ते कोणी फुकटही नेत नाही.

भाचा ती जर्सी घालून रविवारी खेळतोच. तीन धुण्यांत सैतानाचं एक शिंग उसवलंय.