सातपैकी पाच मोठे पत्ते आले, आता?

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, नसतील तर ताट घेऊन बसा, विषय तसा ताटावर बसून ऐकण्यासारखाच आहे. आज बोलायचंय टॅरोबद्दल, आणि त्यातही एका नेहमीच्या घाबरगुंडीबद्दल. प्रेमाचा प्रश्न विचारला, सात पत्ते मांडले आणि त्यातले पाच मेजर निघाले, की माणूस एकदम म्हणतो, बाप रे, हे तर लिहिलेलंच होतं.

ज्यांनी टॅरो कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गड्डीत ७८ पत्ते असतात, त्यातले ५६ मायनर म्हणजे रोजच्या भानगडींचे, आणि २२ मेजर, लव्हर्स, डेव्हिल, व्हील ऑफ फॉर्च्युन वगैरे मोठ्या नावांचे. आणि गंमत अशी की हे मेजर मुळात इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या पत्त्यांच्या खेळातले हुकूम होते, भविष्य सांगायला लोक त्यांना बऱ्याच नंतर वापरायला लागले. आपल्याकडे मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही हे पटकन कळेल, हातात पाच हुकूम आले म्हणजे डाव मोठा आहे, पण कुठला कधी टाकायचा ते आपणच ठरवतो ना.

मागे माझ्याकडे रामबागेतली एक मुलगी आली होती. वय २९, बँकेत नोकरी, चार वर्षांपासून एका मुलाबरोबर आहे आणि त्याची बदली पुण्याला झालेली. घरी आई रोज विचारतेय, काय ते ठरवा एकदाचं. आली ती मला म्हणाली, "काकू, आमचं लग्न होणार का एवढंच सांगा." मी म्हटलं, हो-नाहीचा प्रश्न नको, येत्या तीन महिन्यांत या नात्यात तुला काय बघायला हवंय ते विचारू. हे आधी करायचं, कारण प्रश्नच "होणार का" असा असला की मग एकेक मेजर पत्ता कोर्टाच्या निकालासारखा वाजतो.

सात जागा ठरवल्या. ती, तो, दोघांमधलं नातं, अडथळा, लपलेली गोष्ट, सल्ला आणि दिशा. पत्ते आले ते असे: तिच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स, त्याच्या जागी हँग्ड मॅन, नात्यात लव्हर्स, अडथळ्यात डेव्हिल, लपलेल्यात एट ऑफ पेंटॅकल्स, सल्ल्यात जस्टिस आणि शेवटी व्हील ऑफ फॉर्च्युन. पाच मेजर, दोन मायनर. तिने मोबाइलवर आधीच वाचलेलं होतं, त्यामुळे लव्हर्स आणि डेव्हिल शेजारीशेजारी बघून तिचा चेहराच उतरला, म्हणाली, म्हणजे कार्मिक नातं ना, सुटणार नाही ना?

इथे मी थांबले, आणि तुम्हीही थांबत जा. पहिली शंका स्वतःच्या हातावर घ्यायची. नव्या गड्डीत सगळे मेजर एकत्र रचलेले असतात, नीट पिसले नाहीत तर झुंडीने बाहेर येतात. माझंच झालेलं, नवीन गड्डी आणली, दोनचारदा वरवर पिसली आणि एका संध्याकाळी तीन जणांना मेजरच मेजर, तिघांच्या आयुष्यात एकाच दिवशी भूकंप कसा होईल हो! तेव्हापासून मी गड्डी चटईवर उपडी पसरते आणि दोन्ही हातांनी कणीक कालवल्यासारखी मिसळते, आणि मगच गोळा करते.

नीट पिसलेल्या गड्डीतही सात पत्त्यांत सरासरी दोन मेजर येतात आणि पाच किंवा त्याहून जास्त यायचा योग साधारण साठात एकदा. दुर्मीळ आहे, पण चमत्कार नाही, रोज मांडणाऱ्याला दोनेक महिन्यांत एकदा दिसणारच. म्हणून मी त्याचा अर्थ एवढाच घेते की प्रश्न मोठा आहे, हा टर्निंग पॉइंट आहे, आणि "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून तो फार दिवस ढकलता येणार नाही. वळण कुठल्या बाजूला, ते पत्त्यांनी सांगितलेलं नसतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर पत्त्यांना भविष्य माहीत असतं असं मी मानत नाही, विचार मांडून बसायची ती चांगली जागा आहे.

आता माझी खरी सवय सांगते. मेजर इतके आले की मी आधी मायनर वाचते. लोक उलटं करतात, मोठ्या चित्रांकडे बघत बसतात आणि दोन बारके पत्ते राहून जातात, पण आपल्या हातात काय आहे ते तिथेच असतं. तिच्या टू ऑफ स्वोर्ड्समध्ये समुद्राकाठी एक बाई बसलीय, डोळ्यांवर पट्टी, दोन तलवारी स्वतःच्याच हातांनी छातीवर आडव्या धरलेल्या. कुणी बांधलेलं नाही तिला. आणि सल्ल्यात कोण, तर जस्टिस, हातात तलवार आणि तराजू, पण कोर्टातल्या पुतळ्यासारखी पट्टी नाही, डोळे उघडे! मी ते दोन पत्ते उचलून शेजारी ठेवले आणि म्हटलं, बघ जरा. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग दुसरा मायनर, लपलेल्या जागेतला एट ऑफ पेंटॅकल्स. एक माणूस बाकड्यावर बसून नाणं घडवतोय, गाव मागे लांब राहिलेलं. मी विचारलं, कामाचं काही आहे का जे त्याला सांगितलं नाहीस? तर हळूच म्हणाली, प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, पास झाले तर पोस्टिंग कुठेही मिळेल, पुणं मिळेलच असं नाही. घ्या! चार वर्षांचं नातं, घरच्यांचा तगादा, आणि मुख्य गोष्ट त्या बिचाऱ्याला माहीतच नाही.

मग डेव्हिलसुद्धा वेगळा दिसतो. पत्ता नीट बघा, त्या बाईपुरुषाच्या गळ्यातल्या साखळ्या इतक्या सैल आहेत की मान वाकवली तर निघतील. चित्राची मांडणी लव्हर्ससारखीच आहे, दोन माणसं आणि वर कुणीतरी. म्हणून मी "सुटणार नाही" असं म्हटलं नाही, "न बोलता चाललंय ते तुम्हा दोघांना बांधून ठेवतंय" असं म्हटलं. हँग्ड मॅन म्हणजे तोही उलटा लटकून वाट बघतोय, चेहरा शांत आहे, त्रासलेला नाही. हे तिच्याकडून ऐकलेलं होतं म्हणून जुळलं, नसतं जुळलं तर मी ओढूनताणून जुळवलं नसतं.

आणि शेवटचं ते व्हील, नशिबाचं चाक, ज्यावर सगळे घाबरतात. चित्रात एका बाजूने साप खाली उतरतोय, दुसऱ्या बाजूने एक प्राणी वर चढतोय, म्हणजे चाक फिरतंय एवढंच. बदली, परीक्षा, या दोन्ही तिच्या हातात नसलेल्या गोष्टी, त्या फिरतीलच. दिशेच्या जागी ते आलं म्हणून मी लग्न होईल की मोडेल, यातलं काहीच बोलले नाही. वहीत तारीख टाकली, सातही पत्ते लिहिले आणि तिला सांगितलं, तीन महिने पुन्हा मांडायचं नाही, रोज मांडलंस तर हवं ते उत्तर येईपर्यंत मांडत राहशील.

सराफ्यात परवा भेटली, भुट्ट्याचा कीस खात उभी होती. म्हणाली, त्याला सांगितलं, तो चिडला, दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच पुण्याहून फोन करून परीक्षेची तारीख विचारली. लग्नाचं अजून काहीच ठरलेलं नाही. वहीतले तीन महिने पुढच्या पंधरवड्यात पूर्ण होतायत, येते म्हणालीय.