तीन वर्षांचा भाडेकरार मागताय? आधी नोटिशीचं कलम वाचा

नमस्कार. माझ्याकडे एकदा चोवीस महिन्यांचा रजिस्टर्ड करार होता. नवव्या महिन्यात मालकांचा फोन आला, "मुलाचं लग्न ठरलंय, महिन्याभरात घर लागेल." मी तावातावाने करार काढला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. म्हणजे कागदावर चोवीस महिने होते, पण माझ्या हातात कधीही एकच महिना होता.

म्हणून आज तीन वर्षांचा करार कसा मागायचा, ते बघू. मी बोलतोय ते महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल.

बहुतेक करार अकरा महिन्यांचेच का? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा केंद्राच्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावाच लागतो. ते टाळायला अकरा महिने. पण महाराष्ट्रात ही पळवाट नाहीच. आपल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. सवय मात्र राहिली. एजंटलाही दरवर्षी काम मिळतं, तो कशाला बोलेल?

आता हिशोब. समजा कोथरूडला टू बीएचके, भाडं 20 हजार, डिपॉझिट 60 हजार, दरवर्षी पाच टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी 21 हजार, तिसऱ्या वर्षी 22,050. तीन वर्षांचं भाडं झालं 7,56,600. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते तीन वर्षांचं 18 हजार. या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे साधारण 1,940 रुपये. शहरात रजिस्ट्रेशनचे 1,000. हे दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. अकरा महिन्यांचा करार केलात तर दर वेळी दीड हजाराच्या आसपास, शिवाय एजंटची फी प्रत्येक वेळी वेगळी. बचत होते, पण घर बांधण्याएवढी नाही. खरा फायदा भाड्याचा आकडा आधी ठरण्यात आहे.

हा आकडा रुपयांत लिहून घ्या. "बाजारभावाप्रमाणे वाढ" किंवा "परस्पर संमतीने वाढ" असं लिहिलं असेल, तर दर वर्षी नव्याने घासाघीस आलीच. पहिले बारा महिने इतके, पुढचे बारा इतके, असं सरळ हवं. उलट बाजूही लक्षात ठेवा. उद्या त्या भागात भाडी उतरली, तरी तुम्ही ठरलेलाच आकडा देणार.

आता ते नोटिशीचं कलम. तयार मसुद्यात ते बहुतेक वेळा दोघांना सारखं असतं. तुम्ही दोन वेगळी वाक्यं मागा. एक, भाडं थकलं किंवा घराचा गैरवापर झाला तरच मालक मुदतीआधी करार संपवू शकतात, एरवी छत्तीस महिने लॉक-इन. दोन, तुमचा लॉक-इन बारा महिन्यांचा, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येईल. स्वतःवर छत्तीस महिन्यांचा लॉक-इन घेऊ नका. नोकरी दुसऱ्या शहरात गेली, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापतो म्हणतील.

मालक म्हणतील, "तीन वर्षं दिली की घर बळकावतात हो." त्यांना शांतपणे सांगा, "काका, हे लायसन्स आहे, यात माझा घरावर हक्क तयार होत नाही." त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं. अकरा महिने असोत की छत्तीस, हे संरक्षण तेवढंच. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं.

काही मालक तरीही अडतात, कारण फ्लॅट विकायचा असतो. ते खरं कारण आहे, वाद घालू नका. मग विक्री झाली तर तीन महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट चावी देतानाच परत, एवढं लिहून घ्या. पूर्ण खात्री नाही मिळाली, तरी घर शोधायला वेळ मिळतो.

शेवटची गोष्ट अंगठ्याच्या दिवसाची. एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरी येतो, त्याला पुढच्या घरी जायची घाई असते. "स्टँडर्ड फॉरमॅट आहे सर, द्या अंगठा." आदल्या दिवशीच ड्राफ्टची पीडीएफ मागवा. मुदत छत्तीस आहे का, तिन्ही वर्षांचे आकडे आलेत का आणि नोटिशीचं वाक्य बदललंय का, ते बघा. माझ्या पुढच्या करारात आकडे बरोबर होते, पण एक महिन्याची जुनी नोटीस तशीच राहिली होती. एजंटने तोंड वाकडं करून दुरुस्त केली, चहा गार होईपर्यंत.