नुसतं ‘ओके’

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते फोनवरच्या एका शब्दाच्या उत्तराबद्दल. ओके, बरं, ठीक, हं. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, तरी वाचणाऱ्याला ते तुटक का वाटतं, आणि तेच उत्तर जरा मायेनं कसं लिहावं.

एक प्रसंग घेऊ. साताऱ्याची मावशी आणि पुण्याची भाची. मावशीनं गुरुवारी दुपारी भाचीला लिहिलं, ‘शनिवारी सव्वासहाच्या एसटीने निघते. साडेनवापर्यंत स्वारगेटला पोचेन. डिंकाचे लाडू केलेत, कुळथाचं पीठही आणते. दोन दिवस राहीन, चालेल ना? बाळाचा खोकला कसा आहे?’

भाची ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. फोन टेबलाखाली धरून तिनं उत्तर पाठवलं, ‘ओके.’ ओके आणि पुढे पूर्णविराम. हा पूर्णविराम तिनं मुद्दाम दिलाही नव्हता. पुष्कळ फोनांवर स्पेसची जागा लागोपाठ दोनदा दाबली गेली की पूर्णविराम आपोआप पडतो. घाईत अंगठा दोनदा पडला, इतकंच.

इकडे मावशीनं तो ओके चार वेळा वाचला. मग बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला फोन लावला. ‘अगं, ती रागावलीय का माझ्यावर? जाऊ का नको मी?’ आईनं संध्याकाळी मुलीला विचारलं, तर मुलगी चकित. तिच्या डोक्यात त्या ओकेचा अर्थ होता, ‘सगळं वाचलं, मजा येणार, ये लवकर.’

आता यात बिघडलं कुठे ते पाहू. हाच निरोप मावशीनं फोनवरून सांगितला असता, तर भाची म्हणाली असती, ‘बरंऽऽ!’ शब्द एकच, पण लांबवलेला, वर चढलेल्या सुरातला. आपल्या भाषेत ‘बरं’ हा शब्द सुरावरच जगतो. लांबवला तर आनंद, तोडला तर राग, खाली सोडला तर नाइलाज. लिहिताना सूर गळून जातो आणि उरतो तो कोरडा शब्द. मग वाचणारा स्वतःच्या मनातला सूर त्याला लावतो. मावशीच्या मनात आधीच धाकधूक होती, आपण अडचण तर करत नाही ना? म्हणून तिला तोडलेला सूर ऐकू आला.

त्या पूर्णविरामाचंही सांगते. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला, 2015 साली तो प्रसिद्ध झाला. एका शब्दाच्या इंग्रजी उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर मोबाइलच्या संदेशात ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत असलं, तर फरक पडला नाही. म्हणजे दोष चिन्हाचा नाही, जागेचा आहे. फोनवर संदेश पाठवला की वाक्य संपलंच. वर आणखी ठिपका दिला की बोलणंच संपवल्यासारखं दिसतं. तेव्हा एका शब्दापुढे पूर्णविराम नको. पुन्हा सांगते, एका शब्दापुढे पूर्णविराम नको.

पण मावशीला जास्त लागलं ते दुसरंच. तिच्या निरोपात दोन प्रश्न होते. ‘चालेल ना?’ आणि ‘खोकला कसा आहे?’ ओकेनं खोकल्याचं उत्तर दिलंच नाही. आणि ‘चालेल ना?’ हा प्रश्न तर फार नाजूक. हा प्रश्न विचारणारा माणूस परवानगी मागत नसतो, आग्रहाची वाट पाहत असतो. त्याला ‘चालेल’ एवढं म्हटलं तरी कमी पडतं, कारण चालणं म्हणजे निभावून जाणं. मराठीत होकाराच्या पायऱ्याच आहेत. सगळ्यांत खाली ‘ठीक आहे’, मग ‘चालेल’, मग ‘हो’, मग ‘हो, नक्की’, आणि वर ‘अगं, विचारतेस काय, ये!’ संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमेरांट्झ यांनी 1984 सालच्या लेखात असंच काहीसं दाखवलं आहे. एखाद्यानं ‘छान’ म्हटलं आणि समोरच्यानं त्याहून फिकं ‘बरं आहे’ म्हटलं, तर तो होकार असूनही नकाराच्या वाटेवरचा वाटतो. म्हणून विचारणाऱ्यापेक्षा एक पायरी वर उत्तर द्यावं. एक पायरी, तीन नव्हे. ‘हो हो नक्की नक्की’ आणि पुढे दहा उद्गारचिन्हं, हेही खरं वाटत नाही.

मग लिहावं कसं? आपल्या घरातली जुनी पत्रं काढून बघा. ‘पत्र मिळाले. मजकूर समजला.’ ही पोच. मग विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर. मग पुढचं काय ते, ‘गाडीवर दादाला पाठवतो.’ पोच, उत्तर, पुढचं काय. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावरसुद्धा एवढं मावतं. शाळेत मुलांकडून अर्ज आणि तक्रारपत्रं लिहून घेतात, पण आलेल्या पत्राला उत्तर लिहायला क्वचितच शिकवतात. माझं तर म्हणणं आहे की दहावीच्या परीक्षेत त्याला पाच गुण ठेवावेत.

असो. फोनवर या तिन्हींना सात-आठ शब्द पुरतात. आणि सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे समोरच्याच्या निरोपातला एक शब्द उचलून आपल्या उत्तरात ठेवायचा. ‘ओके’ऐवजी ‘साडेनऊ, स्वारगेट. येते घ्यायला.’ साडेनऊ हा शब्द परत आला की मावशीला कळतं, हिनं नीट वाचलंय. साहेबांना ‘ठीक’ऐवजी ‘सर, फाइल मिळाली. चारपर्यंत तपासून देते.’ शेजारच्या काकूंना ‘हं’ऐवजी ‘हो काकू, चावी आमच्याकडेच ठेवा.’ वेळच नसेल तर ‘वाचलं, रात्री नऊनंतर लिहिते.’ पण मग नऊनंतर लिहायचं. आणि जमणार नसेल तर ‘बघू’ लिहू नका. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असाच घेतात. ‘शनिवारी जमत नाही गं, रविवारी येशील?’ हे बरं.

एक शब्द शोभतो अशाही जागा आहेत. ‘खाली आलोय’ याला ‘आले’ पुरे. दिवसभर निरोपांची देवाणघेवाण चालू असेल, तर शेवटचा ‘ओके’ कुणाला टोचत नाही. आलेला निरोप जेवढा लांब आणि त्यात जेवढे प्रश्न, तेवढा एकटा शब्द कोरडा. आणि कुणी आजारपणाचं कळवलं असेल, ‘आईला दवाखान्यातून घरी आणलं’ असं लिहिलं असेल, तर तिथे ओके कधीच नको, अंगठ्याचं चित्रही नको. ‘घरी आणलं हे वाचून बरं वाटलं. जेवतायत का त्या?’ एवढं तरी हवं.

आणि नुसता ओके निघून गेलाच असेल तर? लांबलचक खुलासा नको. राहिलेली उत्तरं तेवढी पाठवायची. भाचीनं त्या रात्री लिहिलं, ‘मावशी, दुपारी मीटिंगमध्ये होते, नुसतं ओके लिहिलं गं. दोन दिवस काय, बुधवारपर्यंत राहा. खोकला उतरलाय, रात्री झोपतो आता. साडेनवाला स्वारगेटला मी येते.’

दोन मिनिटांत मावशीचं उत्तर आलं. ‘मग लाडू दुप्पट आणते. पीठ चाळून आणू का तसंच?’