गीझरची टाकी गळतेय, आणि दुकानदार म्हणतोय कंपनीला फोन करा

नमस्कार मंडळी. आज गीझरबद्दल बोलायचंय, म्हणजे नवीन गीझर घेतला, बसवला, आणि पाच-सहा महिन्यांत खालून पाणी ठिबकायला लागलं तर दुकानदाराकडे तक्रार नेमकी कशी करायची, त्याबद्दल. आमच्या ओळखीच्या नाशिकच्या एक काकू आहेत, त्यांच्याकडे हेच झालं, आणि त्यांचं प्रकरण नीट मार्गी लागलं, म्हणून तेच सांगतो.

काकूंनी हिवाळ्यात 15 लिटरचा स्टोरेज गीझर घेतला. पक्कं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतला, कंपनीच्याच माणसाकडून बसवून घेतला. कार्डावर लिहिलेलं होतं की पूर्ण गीझरला 2 वर्षं, आतल्या टाकीला 5 वर्षं. मे महिन्यात गीझरच्या खालच्या बाजूने थेंब पडायला लागले. त्या दुकानात गेल्या तर उत्तर आलं, विकलं की आमचं काम संपलं, आता कंपनीला फोन करा. असं ऐकलं की माणूस तिथूनच परत फिरतो आणि आठवडे निघून जातात, फार राग येतो मला या उत्तराचा, कारण पैसे तर दुकानातच मोजलेले असतात ना.

पण तक्रार लिहायच्या आधी एक काम करायचं, पाणी नक्की कुठून येतंय ते बघायचं. गीझर म्हणजे आत एक टाकी, बाहेरून कव्हर, मध्ये उष्णता धरून ठेवणारा फोम. म्हणून गळती आत एका जागी असते आणि पाणी भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतं. थंड पाणी आत येतं त्या पाइपवर एक सेफ्टी वॉल्व्ह असतो, तो गीझर चालू असताना थोडा ठिबकला तर तो बिघाड नव्हे. पाणी तापलं की फुगतं, 15 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 65 डिग्रीला गेलं की साधारण पाव लिटरने वाढतं, आणि मागे जायला वाट नसेल तर ते वाढलेलं पाणी या वॉल्व्हमधून बाहेर पडतं, पडायलाच पाहिजे. दुसरी जागा म्हणजे पाइपचे जॉइंट, तिथे वायसर किंवा टेफ्लॉन टेपने काम भागतं. तिसरी जागा म्हणजे कॉइल बसवलेली प्लेट, तिचं रबरी गॅस्केट गेलं की खालच्या कव्हरमधून पाणी येतं, तेही बदलता येतं. आणि चौथी म्हणजे खुद्द टाकी. गीझर बंद, पाणी गार, पाइप आणि वॉल्व्ह पुसून कोरडे केलेत आणि तरी बॉडीच्या खालून थेंब येतायत, कधी गंजाचा तांबूस रंग घेऊन येतायत, तर टाकी किंवा ते गॅस्केट, दोन्हीपैकी एक. यापुढचं टेक्निशियन कव्हर उघडून सांगेल. स्वतः उघडू नका, एक तर वॉरंटीवरून वाद घालतील, आणि मुख्य म्हणजे आत वायरिंग आहे, ओलं झालेलं. गळती दिसली की भिंतीवरचा स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद करायचं, पाण्याचा कॉक बंद करायचा, आणि वापर थांबवायचा. काकूंनी हे केलं, वर थेंब पडतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, गीझरवरचा सिरियल नंबर त्यात दिसेल असा.

मग कंपनीचा टेक्निशियन आला, त्याने टाकी गेलीय हे पाहिलं, पण तोंडी म्हणाला की तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, क्षार जास्त, म्हणून वॉरंटीत बसत नाही, थोडे पैसे भरा, नवीन देतो. इथे बरेच जण हो म्हणतात. काकूंनी सांगितलं, जे म्हणताय ते जॉब शीटवर लिहा. त्याने "टाकी लीक" एवढंच लिहिलं, पाण्याचं काहीच लिहिलं नाही. तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

आता क्षारांचं म्हणणं सरसकट खोटं असतं असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा एनॅमलचा थर असतो, आणि त्यात एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, अ‍ॅनोड रॉड म्हणतात, तो स्वतः झिजतो आणि टाकीचा गंज स्वतःवर घेतो. पाणी खारट असेल तर तो लवकर संपतो. म्हणून बऱ्याच कार्डांवर पाण्याच्या जडपणाची किंवा टीडीएसची मर्यादा छापलेली असते. पण मर्यादा ओलांडली म्हणायचं तर पाणी मोजायला नको का, आणि रॉड काढून दाखवायला नको का? काकूंकडे नळाला महापालिकेचं पाणी येतं, बोअर फक्त बागेला आहे, आणि हे सोसायटीने लेखी दिलं.

दुसरं कारण सांगतात ते प्रेशरचं. ते साध्या हिशोबाने तपासता येतं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तुमच्या गीझरपासून जितकं उंच, तितकं प्रेशर, दर 10 मीटरला साधारण 1 बार. काकूंचं घर पाच मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे जेमतेम 1 ते दीड बार, आणि त्यांच्या गीझरवर 8 बार लिहिलेलं. प्रेशर पंप लावलेला असेल किंवा सेफ्टी वॉल्व्हच नसेल तर मात्र कंपनीच्या म्हणण्यात वजन येतं, त्यामुळे बसवतानाच वॉल्व्ह लावलाय का ते बघून घ्या.

मग काकूंनी पत्र लिहिलं, एकच पत्र, दुकानाला आणि कंपनीला दोघांना, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं, ईमेलवरही. असं होतं ते: "मी तुमच्या दुकानातून 15 लिटरचा गीझर घेतला, बिल नंबर व तारीख अमुक, सिरियल नंबर तमुक. टाकी गळत आहे, तुमच्या टेक्निशियनने जॉब शीटवर तसं लिहिलं आहे. टाकीची वॉरंटी 5 वर्षांची आहे. 15 दिवसांत गीझर मोफत बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण आणि पाणी तपासल्याचा रिपोर्ट लेखी द्यावा. अन्यथा ग्राहक आयोगात दोघांनाही विरुद्ध पक्ष करून तक्रार करेन." बस, रागाचा एकही शब्द नाही, सोबत बिल, कार्ड, जॉब शीटच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत.

दुकानदार वॉरंटी कंपनीची आहे म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. वॉरंटी कंपनीची, पण विक्रीचा व्यवहार तुमचा आणि दुकानाचा, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोघांवर तक्रार करता येते. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते, तिथून कंपनीकडे तक्रार जाते, पण हेल्पलाइन हुकूम देत नाही हे लक्षात घ्या. हुकूम जिल्हा ग्राहक आयोग देतो. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरही भरता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करायची. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, म्हणून गळका गीझर भंगारात देऊ नका, काढून घरातच ठेवा.

काकूंना आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पत्र मिळाल्यावर कंपनीने गीझर बदलून दिला. बसवायचे पैसे मागितले, तेव्हा काकूंनी तोच जॉब शीट पुढे केला आणि ते पैसेही माफ झाले. नव्या गीझरची वॉरंटी मात्र जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजली जाणार, बहुतेक कार्डांवर तसंच छापलेलं असतं, ते काकूंनी वाचून घेतलं आणि बदली दिल्याची पावती जुन्या बिलाला टाचून ठेवली.