शिष्यवृत्ती जमा झाली नाही, हे कॉलेजला कसं कळवायचं

(शाहू स्मारक भवनात विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलांनो, कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर मी बरीच वर्षं काढली. त्या टेबलावर सर्वांत जास्त आलेलं पत्र मला आजही तोंडपाठ आहे. 'माझी शिष्यवृत्ती अद्याप जमा झालेली नाही, तरी ती लवकरात लवकर जमा करावी, ही नम्र विनंती.' खाली सही.

पत्रात लिहिलेली अडचण खरी असते. मेसचे पैसे थकलेले असतात, घरी सांगायची लाज वाटत असते. पण ते पत्र हातात घेतल्यावर क्लार्कला पहिला प्रश्न पडतो की शिष्यवृत्ती कुठली? आपल्या कोल्हापुरात तर 'शाहू शिष्यवृत्ती' म्हटलं की काम भागलं, असं मुलांना वाटतं. महाराजांच्या नावाच्या योजना एकाहून जास्त आहेत. 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती' सामाजिक न्याय विभागाची, अकरावी-बारावीच्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी. 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती' वेगळी, तिचा पदवीच्या फीशी संबंध. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आणखी निराळी. एकाच मुलीचे दोन अर्ज असतात, दोन्हींचे अर्ज क्रमांकही वेगळे असतात.

दुसरा प्रश्न, अर्ज थांबलाय कुठे? महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर तुम्ही भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. तिथून तो विभागाकडे जातो, मंजूर झाला की रक्कम तुमच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात पाठवली जाते. कॉलेजच्या हातात फक्त पहिला टप्पा आहे. पैसे कॉलेज 'जमा करत' नाही, म्हणून 'जमा करावी' ही विनंती चुकीच्या दारात जाते. पत्र लिहिण्याआधी आपल्या लॉगिनमध्ये स्थिती बघा. अर्ज कॉलेजकडेच पडून असेल, तर पत्र कॉलेजलाच द्या आणि 'अर्ज तपासून पुढे पाठवावा' असं स्पष्ट मागा. सेंड बॅक झालेला असेल, तर तो तुमच्याकडेच परत आलाय. त्रुटी दुरुस्त करून तुम्हालाच पुन्हा पाठवायचाय, तोवर तो हलणार नाही.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो. राधानगरी तालुक्यातली एक मुलगी, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता पाठवल्याची नोंद पोर्टलवर दिसत होती आणि पासबुक कोरं. ती पासबुक घेऊन उभी राहिली, नुकतंच छापून आणलेलं. मी विचारलं, "बाळ, मधे कुठं दुसरं खातं काढलंस?" म्हणाली, "नाही सर." मग थोडं थांबून, "मोबाइलच्या दुकानात एकदा अंगठा दिला होता, शून्य शिल्लक खात्यासाठी."

तिथंच गाठ होती. आधार लिंक असणं आणि आधार सीडिंग असणं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारवर एक बँक नोंदलेली असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आधारला चार बँकांची खाती जोडलेली असू शकतात, पण सरकारी पैसे येतात ते ज्या बँकेचं सीडिंग सर्वांत शेवटी झालं तिच्या खात्यात. तुम्ही अर्जात कुठलं पासबुक जोडलं, ह्यानं फरक पडत नाही. तिला मायआधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` उघडायला लावलं. तिथं बँकेचं नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते, खाते क्रमांक नाही. नाव त्या दुकानातल्या खात्याच्या बँकेचं निघालं. पैसे तिथं जाऊन बसले होते.

आणि समजा सीडिंगही बरोबर आहे, पोर्टलवर पाठवल्याची नोंद आहे, तरी खात्यात काही नाही. मग मात्र कॉलेजला पत्र द्यायचंच, कारण विभागाकडे तुमची विचारणा ते पोचवू शकतं. ते असं लिहा:

'विषय: निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता खात्यात न आल्याबाबत. महोदय, मी बी.एस्सी. भाग २ मध्ये शिकत असून शैक्षणिक वर्ष २०२३-२४ साठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज केला आहे. अर्ज क्रमांक सोबत. पोर्टलवर पहिला हप्ता वितरित झाल्याचे दिसते, परंतु आजअखेर खात्यात रक्कम जमा नाही. माझे आधार सीडिंग सध्या सोबत जोडलेल्या पासबुकाच्याच बँकेत सक्रिय आहे. तरी विभागाकडे विचारणा करून रक्कम का अडली, हे कळवावे, ही विनंती.'

सोबत पोर्टलच्या स्थितीची छापील प्रत, सीडिंगची प्रत आणि पासबुकची नोंदी दिसणारी पानं जोडा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. पूर्ण आधार क्रमांक पत्रात लिहू नका, शेवटचे चार अंक पुरतात.

त्या मुलीला हे पत्र लागलंच नाही. दुकानातल्या खात्यातली रक्कम तिनं काढली आणि आपल्या जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दिला. काही दिवसांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तिच्या बँकेचं नाव आलं होतं. दुसरा हप्ता त्याच पासबुकात छापून आला आणि ती ते पान दाखवायला मुद्दाम टेबलापाशी आली.