दरीतलं झाड आणि त्याची चार रूपं

[दृश्य: डोंगरउतारावरून कॅमेरा दरीत उतरतो. खाली विरळ रान. काही झाडं डोळ्यांदेखत आकार बदलतात.]

निवेदन:
कॅमेरा खाली उतरतोय आणि उजवीकडच्या त्या झाडाकडे बघा. आत्ता पानं भरगच्च होती, पुढच्याच फ्रेमला शेंडा विरळ झाला. काही क्षणांनी शेजारच्या झाडाचंही तेच झालं. दरी अनरिअल या गेम इंजिनमध्ये बांधलेली आहे. प्रत्येक झाडाची चार रूपं आहेत, एलओडी ० ते एलओडी ३: जवळून बघायचं, जरा लांबून बघायचं, दुरून बघायचं आणि शेवटचं, ज्यात झाड म्हणून फक्त एक चित्र उभं असतं. चारही रूपं चांगली आहेत. चुकलीये ती एका रूपातून दुसऱ्यात जायची जागा.

ही जागा अंतराने ठरते असं बहुतेकांना वाटतं. अनरिअल मात्र तिथे मीटर विचारत नाही, `Screen Size` विचारतं.

[दृश्य: स्टॅटिक मेश एडिटर. झाडाभोवती बाउंड्सचा गोल.]

निवेदन:
झाडाला पूर्ण कवेत घेणारा एक काल्पनिक गोल इंजिनकडे असतो. या गोलाचा व्यास पडद्याच्या उंचीच्या किती पट दिसतो, तो आकडा म्हणजे स्क्रीन साइज. गोल वरपासून खालपर्यंत पडदा भरत असेल तर १. निम्माच भरत असेल तर ०.५. एलओडी १ समोर ०.५ लिहिलं, की गोल निम्म्या पडद्याहून लहान दिसायला लागताच एलओडी १ येतो. पडदा आडवा असेल तर हे असंच चालतं, आणि आपली दरी आडव्या पडद्यासाठीच आहे.

यातून मीटर काढता येतात, आणि काढावेतच. कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन ९० अंश आणि पडदा १६:९ असेल, तर सूत्र सोपं आहे:

```
अंतर = 1.78 × गोलाची त्रिज्या ÷ Screen Size
```

आपलं झाड १२ मीटर उंच आहे, त्याच्या गोलाची त्रिज्या साधारण ८ मीटर. १.७८ गुणिले ८ म्हणजे १४.२. स्क्रीन साइज ०.५ असेल तर बदल २८ मीटरवर, ०.२ असेल तर ७१ मीटरवर, ०.०८ असेल तर सुमारे १७८ मीटरवर.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. २०२२ साली अनरिअल ५ सोबत नॅनाइट आलं, ते मेशचा बारकावा स्वतःच कमीजास्त करतं. ज्या मेशवर ते चालू आहे, त्यावर एलओडींची ही साखळी लागूच होत नाही. आपली दरी मोबाइलवरही चालायची आहे, म्हणून आपण साखळीच्या वाटेने जातोय. दुसरं, इथली मोठी झाडं सुटी, एकेक अ‍ॅक्टर म्हणून ठेवलेली आहेत. फोलिएज टूलने रंगवलेल्या झाडांचा हिशेब इंजिन झुपक्यांनी करतं, त्यामुळे पुढचं गणित तिथे जसंच्या तसं बसवू नका.

[दृश्य: २८ मीटरवरचं झाड. मग वायरफ्रेम. जाळी इतकी दाट की आतलं काही दिसत नाही.]

निवेदन:
मग बदल ०.५ वरच का? ०.३ वर का नको? याचं उत्तर पिक्सेलमध्ये आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर स्क्रीन साइज ०.५ असताना गोल ५४० पिक्सेलचा होतो आणि त्यातलं झाड सुमारे ४०० पिक्सेल उंच. फांद्यांमधली मोकळी जागा वगळली, तर झाडाच्या वाट्याला पन्नासएक हजार पिक्सेल येतात. एलओडी ० मध्ये त्रिकोण आहेत २४ हजार. म्हणजे एका त्रिकोणाला जेमतेम दोन पिक्सेल. जीपीयू तर पिक्सेल दोन गुणिले दोनच्या चौकोनांनीच रंगवतो. त्रिकोणाने त्यातला एकच पिक्सेल व्यापला, तरी खर्च चारांचा. या जागेपासून पुढे एलओडी ० ओढत नेणं म्हणजे न दिसणाऱ्या बारकाव्याचे पैसे मोजणं.

आकडे ठरवताना आणखी एक गोष्ट हाताशी असू द्या. स्क्रीन साइज निम्मा झाला की झाडाने व्यापलेले पिक्सेल निम्मे होत नाहीत, पाव होतात. त्यामुळे दर पायरीला त्रिकोण निम्मे करत जाण्याची जी सवय असते, ती दूरच्या रूपांना फार जड करून ठेवते. आपण एलओडी १ साठी ९ हजार त्रिकोण ठेवले, ०.५ वर. एलओडी २ साठी दीड हजार, ०.२ वर. एलओडी ३ म्हणजे इम्पोस्टर, वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेल्या चित्रांचा एक पत्रा, ०.०८ वर. हा शेवटचा आकडा पुढे बदलणार आहे.

[दृश्य: `LOD Settings` पॅनेल. कर्सर `Auto Compute LOD Distances` वरची खूण काढतो.]

निवेदन:
हे आकडे हाताने टाकायचे तर आधी ही खूण काढावी लागते, नाहीतर रकाने करडेच राहतात. एडिटरच्या कोपऱ्यात चालू स्क्रीन साइज दिसतो. पण एडिटरचा कॅमेरा खेळातल्या कॅमेऱ्यासारखा नसतो. इथे झाड पडद्यावर केवढं दिसतंय तेवढंच बघा, किती लांब आहे यावरून अंदाज बांधू नका.

[दृश्य: वाऱ्यात डोलणारी झाडं. दृश्य `Mesh LOD Coloration` मध्ये बदलतं. पांढरी झाडं अपेक्षेपेक्षा बरीच जास्त.]

निवेदन:
या दृश्यात पांढरं म्हणजे एलओडी ०, लाल १, हिरवं २, निळं ३. पांढरा रंग २८ मीटरवर संपायला हवा होता. इथे तो छत्तिसाव्या मीटरपर्यंत पसरलाय. आकडे बरोबर आहेत, सूत्रही बरोबर आहे. बदललाय तो गोल.

झालं असं, की झाडं मटेरियलमधल्या वाऱ्याने डोलतात. डोलताना फांदी बाउंड्सच्या बाहेर गेली की पडद्याच्या कडेला झाड अचानक गायब व्हायचं. उपाय म्हणून कोणीतरी मेशला `Positive Bounds Extension` आणि `Negative Bounds Extension` दिलं. उपाय योग्यच होता. पण असा विस्तार दिला की इंजिन मेशचा मूळ घट्ट गोल सोडून देतं आणि वाढलेल्या पेटीच्या कर्णावरून नवा गोल घेतं. त्रिज्या ८ वरून १० मीटर झाली. अंतर सव्वापट वाढलं, पण झाडं जमिनीवर पसरलेली असतात, म्हणून एलओडी ० मधली झाडं दीडपटीहून जास्त झाली. जीपीयूचा वेळ वाढला, आणि तो कशाने वाढला याचा एलओडीच्या पॅनेलमध्ये मागमूस नाही.

लांब कुंपण, उंच खांब, एकत्र केलेला अख्खा कडा, यांचंही असंच होतं. गोल प्रचंड, आत मेश थोडी. कड्याच्या गोलात तर कॅमेरा स्वतःच उभा असतो, त्यामुळे एलओडी ० कधी हटतच नाही. असा कडा तुकड्यांत तोडावा. आपल्या झाडासाठी मात्र विस्तार लागेल तेवढाच ठेवला आणि तो ठेवल्यानंतरच सगळे आकडे बसवले. त्रिज्या साडेआठवर आली. ०.५ चा बदल आता ३० मीटरवर होतो.

[दृश्य: तोच बदल दोनदा. एकदा झटक्याने, एकदा ठिपक्याठिपक्यांनी.]

निवेदन:
बदल डोळ्याला खटकू नये म्हणून मटेरियलमध्ये `Dithered LOD Transition` असतं. जुनं रूप ठिपक्यांनी विरतं, नवं ठिपक्यांनी उमटतं. ठरीव वेळ पाव सेकंद, `r.LODFadeTime` मध्ये. तेवढा वेळ दोन्ही रूपं काढली जातात, म्हणून एकाच ओळीत शंभर झाडं एकदम बदलली तर तिथे खेळ क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो.

डिदरने सगळं झाकलं जाईल अशी आशा मात्र धरू नये. दरीत सुरुवातीला जो शेंडा विरळ झाला, त्याचं कारण निराळं होतं. आपोआप त्रिकोण कमी करणारं साधन पानांचे पत्रे मिटवत जातं. मिटलेल्या पत्र्यांच्या जागी आकाश दिसतं. पाव सेकंदात असो की एका फ्रेममध्ये, झाड बारीक झालेलं कळतंच. एलओडी २ साठी पत्रे कमी करावेत आणि उरलेले मोठे करावेत, म्हणजे झाडाची कड तीच राहते. एवढं करूनही लांबवर पानं झडल्यासारखी वाटली, तर दोष मेशचा नसतो. लांबून वापरल्या जाणाऱ्या टेक्स्चरच्या लहान प्रतींत, म्हणजे मिपमध्ये, आल्फा पातळ होतो. टेक्स्चरमध्ये `Do Scale Mips for Alpha Coverage` चालू करा आणि तिथला उंबरठा मटेरियलच्या `Opacity Mask Clip Value` इतकाच ठेवा.

[दृश्य: वरून दिसणारा नकाशा. वर्ल्ड पार्टिशनचे चौकोन. कॅमेऱ्याभोवती वर्तुळ.]

निवेदन:
आता साखळीचं टोक. वर्ल्ड पार्टिशन नकाशाचे चौकोनी सेल पाडतं आणि कॅमेऱ्याजवळचेच चढवतं. त्यात आपल्या ग्रिडची लोडिंग रेंज २५६ मीटर आहे. सेल त्या वर्तुळाच्या पूर्ण बाहेर गेला की त्यातली सगळी झाडं उतरवली जातात आणि त्यांच्या जागी एचएलओडी, म्हणजे अख्ख्या सेलचं दूरचं हलकं रूप, येतो. इथे स्क्रीन साइजला कोणी विचारत नाही. शेवटचा एलओडी तुम्ही ०.०३ वर ठेवला असता, तर या झाडाला तो साधारण ५०० मीटरवर आला असता, म्हणजे कधीच नाही. तोवर झाडच उतरवलेलं असतं.

एचएलओडीच्या थराचा प्रकार आपण `Instancing` निवडला. तो मेशचा सर्वांत खालचा एलओडी उचलतो आणि त्याच्याच प्रती मांडतो. म्हणजे सेल उतरायच्या आधी झाड इम्पोस्टर झालेलं असेल, तर इम्पोस्टर जाऊन इम्पोस्टरच येतो. काही बदललं हे कळतच नाही.

तरीही चाचणीत काही झाडं वर्तुळाच्या कडेला उसळत होती, म्हणजे झटक्याने रूप बदलत होती. सगळी नाही, फक्त मोठी.

[दृश्य: एका मोठ्या झाडावर झूम. `Scale` मध्ये 1.5.]

निवेदन:
झाडांना विविधता यावी म्हणून ०.६ ते १.५ पट मापं दिलेली होती. माप वाढलं की गोलही वाढतो. दीडपट झाडाची त्रिज्या पावणेतेरा मीटर. ०.०८ ने त्याचा इम्पोस्टर सुमारे २८४ मीटरवर येतो, आणि सेल २५६ वरच उतरू शकतो. ही झाडं दीड हजार त्रिकोणांच्या रूपातून थेट एचएलओडीत जात होती. सर्वांत मोठ्या मापाचं झाड धरून उलटं गणित केलं: १.७८ गुणिले १२.७५, भागिले २५६, म्हणजे जवळपास ०.०८९. थोडी जागा सोडून एलओडी ३ ला ०.१ दिलं. आता मोठं झाड २२७ मीटरवर इम्पोस्टर होतं, साधं झाड १५१ वर. साध्या झाडाला हे जरा लवकर आहे, पण तिथे त्याची उंची ऐंशी पिक्सेलच्या आसपास असते आणि इम्पोस्टर ते निभावून नेतो.

[दृश्य: कॅमेरा त्याच वाटेने पुन्हा उतरतो. खाली कमांड उमटतात.]

निवेदन:
तपासायचं ते एडिटरमध्ये नव्हे, खेळ चालू करून. एडिटरमध्ये कोणते सेल चढलेत ते तुम्ही ठरवता, खेळात इंजिन ठरवतं.

```
stat gpu
r.ForceLOD 3
r.ForceLOD -1
r.StaticMeshLODDistanceScale 2
```

`r.ForceLOD 3` ने सगळी झाडं इम्पोस्टर होतात. तेव्हाही जीपीयूचा वेळ फारसा उतरला नाही, तर अडचण झाडांच्या त्रिकोणांत नाही, सावल्यांत किंवा दुसरीकडे शोधा. `-1` ने पूर्ववत. शेवटची कमांड सगळे बदल निम्म्या अंतरावर आणते. मोबाइलसाठी ती वापरता येते, आणि ती फक्त बदल जवळ ओढते, म्हणून एचएलओडीशी जुळवलेलं टोक मोडत नाही. १ पेक्षा कमी आकडा दिलात तर बदल लांब जातात, मोठी झाडं पुन्हा २५६ च्या पलीकडे अडकतात आणि कडेची उसळी परत येते.

राहिला दृष्टिकोन. दुर्बिणीच्या दृश्यात तो ९० वरून ३० अंशांवर येतो, आणि सगळी अंतरं ३.७ पटींनी लांबतात. एलओडी १ मग शंभर मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि साध्या झाडाचा इम्पोस्टरही २५६ च्या पलीकडे जातो. तेवढ्या शॉटसाठी हाच स्केल ४ केला, तर साखळी होती त्या जागी येते. दुर्बिणीतून झाड थोडं ओबडधोबड दिसतं, आणि ते चालेल की नाही हे शॉट बघूनच ठरवावं लागतं.