२,०९२ कोटी कुणाचे?

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय ‘अर्थसंकल्पी भाषणाचा क्षेत्रवार गोषवारा’. क्षेत्रांकडे येतोच, पण नाशकात बोलायचं आणि मेट्रोवर बोलायचं नाही, हे जमायचं नाही.

१ फेब्रुवारी २०२१. निर्मला सीतारामन यांचं भाषण. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा ५,९७६ कोटी आणि नाशिक मेट्रो २,०९२ कोटी, असं एकाच दमात आलं. संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ‘नाशिकला २,०९२ कोटी मिळाले!’ दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर चेहरे आठ, आकडा एक. (हसू नका, त्यातले दोघं इथं बसलेत.) आणि एका वर्तमानपत्रात तर ‘तरतूद’ असं छापून आलं.

भाषणात काय होतं? केंद्र आपल्या वाट्याचा निधी देईल, आणि प्रकल्पाची किंमत २,०९२ कोटी. म्हणजे रक्कम अख्ख्या प्रकल्पाची. केंद्राचा वाटा त्यातला काही भाग, आणि त्या वर्षी किती, ते त्या वाक्यात नाहीच. मी फोन करून सांगितलं, तर उपसंपादक म्हणाले, “काका, आकडा बरोबर आहे ना?” अहो, आकडा बरोबरच आहे! शेजारचं ‘किमतीचा’ तेवढं गळालं. मेट्रोत बसून आलेलं कुणी आहे का सभागृहात? नाही ना.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो.

गोषवारा करताना प्रत्येक क्षेत्राच्या रकमेपुढे तिची जात लिहा: वर्षाची तरतूद, अनेक वर्षांचा खर्च, की प्रकल्पाची किंमत. त्याच भाषणात आरोग्याची नवी योजना ६४,१८० कोटींची होती, पण ‘सुमारे’ आणि ‘सहा वर्षांत’. हे दोन्ही शब्द ठेवायचे. सहाने भागून वर्षाचा आकडा काढायचा नाही, कारण तो मंत्र्यांनी सांगितलेला नाही.

टक्केवारी आली की तिचे दोन्ही पाय दाखवा. ‘आरोग्य आणि कल्याण’ या शीर्षाखाली २,२३,८४६ कोटी, आधीच्या वर्षीच्या अर्थसंकल्पी अंदाजात ९४,४५२ कोटी, वाढ १३७ टक्के. भागाकार करून पाहा, जुळतो. पण ‘दवाखान्यांना १३७ टक्के जास्त’ लिहिलंत की घसरलात. या बेरजेत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेचे ६०,०३० कोटी आहेत, लसीचे ३५,००० कोटी आहेत. आरोग्य व कुटुंब कल्याण विभागाचे स्वतःचे ७१,२६९ कोटी. हा तपशील भाषणाच्या परिशिष्टात सापडतो, म्हणून मजकूर संपला की पीडीएफ बंद करू नका.

शेती राहिली. कांदेवाले डोळे वटारतायत, दिसतंय मला. पण हॉलवाले दिवे घालवायला उभे आहेत, तर शेतीचं खाली चहाच्या टपरीवर बोलू.